कोपऱ्यातला गॉस्लिंग

ऑगस्टमध्ये एक विद्यार्थिनी घरी आली. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला, विषय रसायनशास्त्र. मी महाविद्यालयातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी असा एखादा मुलगा किंवा मुलगी अजून दार वाजवते. "सर, जॅमचा फॉर्म भरू की बँकेच्या परीक्षांना लागू?" असा तिचा साधा प्रश्न होता. निर्णय होईना म्हणून कुणीतरी तिला शास्त्रज्ञांची चरित्रं वाचायला सांगितली होती, आणि तिने ती इमानेइतबारे वाचलीही होती. 'अग्निपंख' दोनदा वाचून झालं होतं, फाइनमनच्या आठवणी झाल्या होत्या आणि जेम्स वॉटसनचं 'द डबल हेलिक्स' तर दोन दिवसांत संपलं होतं. गोंधळ मात्र वाढला होता. फाइनमन वाचताना संशोधन म्हणजे नुसती धमाल वाटते, आणि वॉटसन वाचताना शर्यत. "आणि दोघंही वाचताना एक गोष्ट पक्की कळते," ती म्हणाली, "मी एवढी हुशार नाही."

मला वाटतं, ती त्या पुस्तकांना नेमका असा प्रश्न विचारत होती ज्याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. मला जमेल का, हे कुठलंही चरित्र सांगू शकत नाही, कारण ज्यांना जमलं नाही त्यांची चरित्रं निघत नाहीत. शंभर जणांपैकी किती जण वाटेत गळले, हे उरलेल्या एकाला विचारून कसं कळणार? पण दुसरा एक प्रश्न त्यांना विचारता येतो: या माणसांचे दिवस कसे जात होते, आणि तसे दिवस मला चालतील का? याचं उत्तरही ती पुस्तकं आपणहून देत नाहीत, ते काढून घ्यावं लागतं. त्याची एक रीत मी तिला सांगितली. दहा शास्त्रज्ञांची दहा पुस्तकं वाचण्याऐवजी एकाच घटनेवरची चार पुस्तकं वाच. आणि वाचताना नायकाकडे कमी बघ, तुझ्या जागेवर कोण उभं आहे ते शोध.

घटना तिच्या हातातच होती. डीएनएची रचना १९५१ ते १९५३ या काळात उलगडली, आणि त्या गोष्टीत होते त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाची बाजू कुठे ना कुठे छापलेली आहे. वॉटसनचं पुस्तक १९६८चं. रोझलिंड फ्रँकलिनची मैत्रीण ॲन सेअर हिने त्याला उत्तर म्हणून १९७५ मध्ये फ्रँकलिनवर पुस्तक लिहिलं, आणि २००२ मध्ये ब्रेंडा मॅडॉक्सचं मोठं, शांतपणे लिहिलेलं चरित्र आलं. मधे १९८८ मध्ये फ्रान्सिस क्रिकने आपल्या आठवणी लिहिल्या. मॉरिस विल्किन्सने तर ऐंशी ओलांडल्यावर, २००३ मध्ये, आपलं म्हणणं मांडलं. त्याच दोन प्रयोगशाळा, तेच महिने, तीच भांडणं, पण प्रत्येकाच्या घड्याळात वेगळी वेळ.

वॉटसनचं घड्याळ सगळ्यांत वेगाने धावतं. तेविसाव्या वर्षी तो केंब्रिजला येतो आणि अठरा महिन्यांत विसाव्या शतकातल्या जीवशास्त्राचा सर्वांत मोठा शोध हाती लागतो. मधे टेनिस आहे, सिनेमे आहेत, मेजवान्या आहेत. पुस्तक फार गोड लिहिलंय, हे मान्य करायलाच हवं. फ्रँकलिनविषयी त्याने जे लिहिलं त्यातलं बरंच उथळ आणि अन्यायाचं आहे, हेही तितकंच खरं. पण आपल्याला आत्ता त्याहून वेगळी गोष्ट बघायची आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये वॉटसन लंडनला किंग्ज कॉलेजमध्ये फ्रँकलिनचं व्याख्यान ऐकायला जातो, टिपणं घेत नाही, आणि डीएनएमध्ये पाणी किती असतं हा आकडाच चुकीचा लक्षात ठेवून परततो. त्या आकड्यावर क्रिक आणि तो तीन पेडांची एक प्रतिकृती उभी करतात, फॉस्फेटचे गट आतल्या बाजूला ठेवून. किंग्जची मंडळी बघायला येतात, आणि फ्रँकलिन उभ्या उभ्या सांगते की एवढ्याशा पाण्यावर हे टिकणार नाही. केंब्रिजच्या प्रयोगशाळेचे प्रमुख लॉरेन्स ब्रॅग यानंतर दोघांना डीएनएला हात लावायला बंदी करतात. ही बंदी वर्षभराहून अधिक टिकली.

म्हणजे अठरा महिन्यांच्या त्या शर्यतीतला बहुतेक काळ शर्यत चालूच नव्हती! वॉटसन त्या वर्षात तंबाखूच्या एका विषाणूची क्ष-किरण चित्रं घ्यायला शिकत होता, जिवाणूंच्या लैंगिकतेवर वाचत होता. त्यात भर म्हणजे कोपनहेगनहून केंब्रिजला हलल्याबद्दल फेलोशिप देणारं वॉशिंग्टनचं मंडळ त्याच्यावर नाराज झालं आणि त्याची मुदत वेळेआधीच संपवली. पुस्तकात हे सगळं आहे, पण ते भरभर उरकलेलं. मी तिला म्हटलं, लेखक जिथे घाईत आहे तिथे पेन्सिलीने रेघ मार. आपलं काम थांबवलेलं, पगाराचा घोळ झालेला, दुसराच विषय शिकायला लागणारा, असा तो काळ. संशोधनाच्या दिवसांचा नमुना म्हणून तोच जास्त भरवशाचा आहे, कारण शेवटचे दोन महिने कुणाच्याही वाट्याला रोज येत नाहीत.

आता तेच १९५२ साल लंडनला किंग्जच्या तळघरात बघू. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा भाग मला स्वतःला सर्वांत आवडतो.

फ्रँकलिनकडे जे डीएनए होतं ते बर्नच्या रुडॉल्फ सिग्नर यांनी काढलेलं होतं. त्याचा चिकट थेंब सुईने ओढला की केसाहून बारीक धागा निघतो. तो धागा कॅमेऱ्यात ताणून बसवायचा, बरोबर क्ष-किरणांच्या वाटेवर. पण हवेमुळेही क्ष-किरण विखुरतात आणि चित्र धुरकट होतं, म्हणून कॅमेऱ्यातली हवा काढून हायड्रोजन सोडायचा. कोरडा हायड्रोजन धाग्याला सुकवून टाकतो, म्हणून तो आधी मिठाच्या द्रावणातून बुडबुड्यांनी न्यायचा. कुठलं मीठ वापरलं यावर आत किती ओल राहणार ते ठरतं. ही ओल नेमकी सांभाळल्यावरच फ्रँकलिनच्या लक्षात आलं की डीएनएची दोन रूपं आहेत. कमी ओलीत धागा आखूड आणि स्फटिकासारखा नीटस राहतो, त्याला 'ए' म्हटलं. ओल वाढवली की तो लांबतो, त्याला 'बी'. आधीची बरीच चित्रं या दोन रूपांच्या भेसळीची होती, म्हणून कुणालाच ती धड वाचता येत नव्हती. (त्याही आधी, किंग्जमध्ये हे काम एकटा विल्किन्स बघत होता त्या काळात, कॅमेऱ्याच्या फटीतून हायड्रोजन गळायचा. ती गळती त्यांनी चक्क निरोध लावून थांबवली होती. अशी माहिती पाठ्यपुस्तकात येत नाही, आठवणींच्या पुस्तकातच येते, आणि प्रयोगशाळा म्हणजे काय हे त्यातून चार व्याख्यानांपेक्षा जास्त कळतं.)

मे १९५२ मध्ये घेतलेलं 'बी' रूपाचं एक्कावन्न क्रमांकाचं चित्र आज जगप्रसिद्ध आहे. त्यासाठी धाग्यावर बासष्ट तास क्ष-किरण पडत होते. अडीच दिवसांहून जास्त. तेवढा वेळ ओल ढळू द्यायची नाही, धागा हलू द्यायचा नाही. फिल्म धुतल्यावर त्यावर काळ्या ठिपक्यांची स्पष्ट फुली उमटली. आणि मग फ्रँकलिनने ते चित्र बाजूला ठेवलं.

याला पुष्कळजण तिची चूक म्हणतात. मी म्हणत नाही. 'ए' रूपाच्या चित्रात ठिपके जास्त होते, धारदार होते, म्हणजे मोजण्याजोगी माहिती जास्त होती. ज्याला अंदाज न बांधता, मोजमापातून पायरी पायरीने रचनेपर्यंत जायचं आहे, तो 'ए'च उचलणार. त्यासाठी प्रत्येक ठिपक्याची तीव्रता मोजायची आणि मग महिनोन्‌महिने बेरजा करायच्या. गणकयंत्र नव्हतं. साइन-कोसाइनच्या किमती छापलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या एका पेटीत असायच्या, त्यातून हव्या त्या निवडून मांडायच्या, बेरीज करायची, पुन्हा पेटीत जागच्या जागी ठेवायच्या. जुलै १९५२ मध्ये 'ए' रूप सर्पिल असल्याची लक्षणं दिसेनात, तेव्हा तिने आणि तिच्या विद्यार्थ्याने 'सर्पिल डीएनएचं दुःखद निधन' अशी काळ्या चौकटीची थट्टेची पत्रिका लिहून वाटली. निष्कर्ष चुकला होता, पद्धत मात्र रास्त होती. तिच्या वह्या पुढे ॲरन क्लुग यांनी तपासल्या तेव्हा दिसलं की फेब्रुवारी १९५३च्या अखेरीस तीही दोन पेडांपर्यंत येऊन पोचली होती.

विद्यार्थिनीला मी विचारलं, या बासष्ट तासांत आणि त्या पट्ट्यांच्या पेटीत तुला काय दिसतं? कंटाळा की गोडी? दोन्ही उत्तरं चांगली आहेत. फक्त यातलं आपलं कोणतं, हे 'मी हुशार आहे का' या प्रश्नातून कधीच बाहेर येत नाही.

मघाशी 'तिचा विद्यार्थी' म्हणालो, तो रेमंड गॉस्लिंग. एक्कावन्न क्रमांकाचं चित्र फ्रँकलिनच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष घेतलं ते त्याने. तो पीएच.डी. करत होता. या सगळ्या मंडळींत आमच्या विद्यार्थिनीच्या जागेवर उभा असलेला माणूस तोच, आणि नेमकं त्यानेच पुस्तक लिहिलेलं नाही. त्याला इतरांच्या पानांतून वेचावा लागतो. वेचून एकत्र केलं की जे चित्र दिसतं ते कुठल्याही करिअर मार्गदर्शन शिबिरापेक्षा उपयोगी आहे.

गॉस्लिंग आधी विल्किन्सबरोबर काम करत होता. १९५० मध्ये या दोघांनी सिग्नरच्या डीएनएची स्फटिकासारखी नीटस चित्रं घेतली. त्यातलंच एक विल्किन्सने पुढच्या वर्षी नेपल्सच्या सभेत दाखवलं आणि ते बघून वॉटसन डीएनएकडे वळला. मग डिसेंबर १९५० मध्ये विभागप्रमुख जॉन रँडल यांनी पॅरिसमध्ये असलेल्या फ्रँकलिनला एक पत्र पाठवलं. तुम्ही आलात की क्ष-किरणांच्या कामावर सध्या तुम्ही आणि गॉस्लिंग एवढेच असाल, असा त्याचा आशय. हे पत्र रँडलनी विल्किन्सला दाखवलं नाही. जानेवारीत फ्रँकलिन रुजू झाली तेव्हा विल्किन्स सुट्टीवर होता. परत आल्यावर त्याची समजूत अशी की आपल्या कामाला एक कुशल सहकारी मिळाली. तिची समजूत अशी की हे काम आपलं, आणि हे गृहस्थ उगाच लुडबुड करतात. दोघंही आपापल्या माहितीप्रमाणे बरोबर होते. विल्किन्सला त्या पत्राचा मजकूर कळायला कित्येक वर्षं गेली, आणि त्याच्या पुस्तकातला तो भाग वाचताना म्हातारपणीही न जिरलेली चुटपूट जाणवते.

वॉटसनचं पुस्तक एकटं वाचलं तर हे भांडण म्हणजे एका तापट बाईचा स्वभाव. सेअर एकटी वाचली तर बाईला दाबणारी पुरुषांची संस्था. मला त्यातलं दुसरं अधिक खरं वाटतं, कारण किंग्जमध्ये प्राध्यापकांच्या एका भोजनकक्षात बायकांना प्रवेशच नव्हता. पण पत्राची हकीकत कळली की तिसरी, फार रूक्ष बाजू दिसते: कामाची वाटणी कागदावर एक आणि तोंडी दुसरी. प्रयोगशाळेत जाणाऱ्या माणसाला ही बाजू सर्वांत आधी कळलेली बरी, कारण स्वभाव आपल्याला बदलता येत नाही, पण वाटणी आधी विचारता येते. या प्रकल्पावर आणखी कोण आहे? माझा गाईड कोण, आणि ते सोडून गेले तर कोण? शोधनिबंधावर नावं कशी लागतात? हे प्रश्न मुलाखतीत विचारायला आपली मुलं लाजतात. पुढे पाच वर्षं त्याचीच उत्तरं भोगतात.

गॉस्लिंगला कुणी काही विचारलं नव्हतं. तो विल्किन्सकडून फ्रँकलिनकडे गेला, मग दोघांमधला निरोप्या झाला. १९५३च्या सुरुवातीला फ्रँकलिन बर्कबेक कॉलेजला जायला निघाली तेव्हा तो पुन्हा विल्किन्सच्या हाताखाली आला, आणि एक्कावन्न क्रमांकाचं चित्र त्याच्यामार्फतच विल्किन्सकडे पोचलं. ३० जानेवारीला विल्किन्सने ते वॉटसनला दाखवलं, फ्रँकलिनला न विचारता. पुढचं सर्वांना ठाऊक आहे. मार्चपर्यंत प्रतिकृती उभी राहिली आणि २५ एप्रिलच्या 'नेचर'मध्ये तीन निबंध एकामागून एक आले, त्यातल्या तिसऱ्यावर फ्रँकलिन आणि गॉस्लिंग ही नावं. त्याच सुमारास रँडलनी फ्रँकलिनला कळवलं की आता डीएनएवरचं काम थांबवावं. तिने तो हुकूम पुरता पाळला नाही, कारण गॉस्लिंगचा प्रबंध अर्धवट होता. तो तिने पुरा करून घेतला. पुढे गॉस्लिंग वैद्यकीय भौतिकशास्त्रात गेला, लंडनच्या एका रुग्णालयाच्या महाविद्यालयात त्याने अनेक वर्षं काम केलं आणि २०१५ मध्ये वारला. नोबेल नाही, आत्मचरित्र नाही. अयशस्वी म्हणावं असंही त्यात काही नाही. संशोधनात गेलेल्या बहुतेकांचं आयुष्य असंच असतं, आणि ते बरंच बरं असतं.

क्रिककडे मी तिला शेवटी पाठवलं, कारण न ठरलेल्या माणसाला त्याचा फार आधार वाटतो. १९५१ मध्ये तो पस्तीस वर्षांचा होता आणि अजून पीएच.डी. झालेला नव्हता. पहिला प्रयत्न लंडनमध्ये, उच्च तापमानाला पाण्याची श्यानता मोजण्याचा. विषय त्याला स्वतःलाच कमालीचा नीरस वाटायचा. युद्धात त्या उपकरणावर शत्रूचा स्फोटक सुरुंग पडला आणि प्रश्न सुटला. मग नौदलासाठी सुरुंगांवर काम, आणि तिशीत पुन्हा शून्यापासून सुरुवात. काय करावं हे ठरवायला त्याने स्वतःवरच एक कसोटी लावली: आपण फावल्या वेळात, कुणी न सांगता, कशाबद्दल गप्पा मारतो ते बघायचं. त्याच्या ध्यानात आलं की मित्रांना तो प्रतिजैविकांबद्दल उत्साहाने सांगत बसतो, आणि त्याला त्यातलं खरं तर काहीच नीट माहीत नाही. त्यातून त्याचे दोन विषय निघाले, सजीव-निर्जीवांची सीमारेषा आणि मेंदू. पहिल्यातून डीएनए आलं, दुसऱ्यावर त्याने म्हातारपण घालवलं. पीएच.डी. मिळाली १९५४ मध्ये, दुहेरी सर्पिल छापून आल्यानंतर.

या रीतीला एक मोठी मर्यादा आहे, आणि ती तिनेच दाखवली. "सर, या सगळ्यांना घरी काही पाठवायचं नव्हतं." खरं आहे. फ्रँकलिन लंडनच्या सधन बँकर घराण्यातली. आपल्याकडचं उदाहरण घ्या. जयंत नारळीकरांचं 'चार नगरांतले माझे विश्व' जरूर वाचावं, पण वाचताना हेही दिसतं की वडील बनारसला गणिताचे प्राध्यापक होते, आई संस्कृत जाणणारी, आणि घरातल्या फळ्यावर मामा भाच्यासाठी गणिताची आव्हानं लिहून ठेवायचे. नारळीकरांनी ते लपवलेलं नाही, उलट कृतज्ञतेने सांगितलंय. ज्या घरात फळा नाही तिथल्या वाचकाने ते पान वगळू नये, हिशेबात धरावं. आज नेट-जेआरएफ मिळालं तर सुरुवातीची दोन वर्षं महिना ३७ हजार रुपये, अधिक घरभाडं. ते दर महिन्याला वेळेवर येतात का, हे कुठल्याही पुस्तकात नाही. ते पाचव्या वर्षाच्या पीएच.डी. विद्यार्थ्याला चहा पाजून विचारावं लागतं. चार पुस्तकं वाचलेल्या माणसाला निदान काय विचारायचं ते माहीत असतं.

गेल्या रविवारी ती परत आली. मॅडॉक्स आणि क्रिक वाचून झाले होते, विल्किन्स अर्धा. वहीत तिने चार रकाने आखले होते, चार माणसांचे, आणि डावीकडे महिने. वॉटसनच्या रकान्यात १९५२ जवळजवळ कोरं होतं. गॉस्लिंगसाठी तिने पाचवा रकाना शेवटी चिकटवला होता, निराळ्या कागदाचा. निर्णयाबद्दल ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. त्याऐवजी तिने मला अर्धा तास त्या कॅमेऱ्याबद्दल धारेवर धरलं. मिठाच्या द्रावणावर ओल ठरते ती कशी, बासष्ट तासांत खोलीचं तापमान बदललं तर ती ढळत नाही का, आणि हे आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत बंद बरणी आणि साध्या आर्द्रतामापकावर करून बघता येईल का. शेवटच्या प्रश्नावर मी म्हटलं, बरणी माझ्याकडे आहे.

जॅमचा फॉर्म भरायची शेवटची तारीख अजून अकरा दिवसांवर आहे. बरणी ती घेऊन गेली.